सुऱ्या कपाटावरून खाली आल्या

"माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. सुरी हातात घेतली की ‘मी हिलाच भोसकलं तर?’ असा विचार येतो आणि अंगाला कापरं भरतं. मी खरंच असं काही करेन का?"

ताई, असे नकोसे विचार बहुतेकांच्या मनात येऊन जातात. ओसीडी म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांच्या चक्रात अडकवणारा आजार. तो वाढतो विचार आल्यावर आपण जे करतो त्यामुळे.

अशीच एक आई समुपदेशनाला येत होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). तिने सगळ्या सुऱ्या कपाटावर टाकल्या होत्या. बाळ झोपल्याशिवाय भाजी चिरायची नाही. दिवसातून वीसेक वेळा नवऱ्याला विचारायची, "मी असं करणार नाही ना?" तो "छे, काहीतरीच काय" म्हणाला की दहा मिनिटं जीव थाऱ्यावर यायचा, की पुन्हा तेच. ‘सुरी लपवली म्हणून बाळ वाचलं’ असा हिशेब मेंदू मांडत होता, त्यामुळे सुरी दिसली की भीती आणखी जोरात उसळायची.

उपचाराआधी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली. आवाज ऐकू येणं, किंवा हा विचार योग्य आहे असं वाटू लागणं, यातलं काही असेल तर तो वेगळा आजार असतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तिला विचाराची किळस आणि भीतीच वाटत होती.

मग ० ते १०० अशी भीतीची शिडी केली. सुरी ओट्यावर नुसती ठेवणं ३०, बाळ शेजारच्या खोलीत असताना भाजी चिरणं ५५, बाळ थोड्या अंतरावर आपल्या खुर्चीत बसलेलं असताना चिरणं ८५. खालच्या पायरीपासून रोज अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला ‘काय होईल असं वाटतं’ ते लिहायचं, शेवटी खरंच काय झालं ते. मधे लपवणं नाही, विचारणं नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. ५५ चा आकडा हलेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, चिरताना ती मनात "मी नाही करणार, नाही करणार" घोकत होती. हे न दिसणारं कर्मकांड फार जणांच्या नजरेतून सुटतं, आणि ते चालू असेपर्यंत ‘घोकलं म्हणून वाचलो’ हाच धडा पक्का होत राहतो. त्याऐवजी तिने मोठ्याने म्हणायचं ठरलं, "करेनही कदाचित, शंभर टक्के खात्री मला मिळणार नाही." पहिल्या दिवशी रडू फुटलं, तरी तिने सुरी खाली ठेवली नाही. नवऱ्यानेही उत्तर बदललं: "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. पण मी इथेच बसतो." नवऱ्यासाठी हे सोपं नव्हतं, बायको रडत असताना गप्प राहायचं म्हणजे!

चौदाव्या आठवड्यात सुऱ्या ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये होत्या. विचार अजूनही अधूनमधून येतो. आला तरी ती हातातली भाजी चिरून पुरी करते.