तुरळचं गरम पाणी आणि 55 युनिटांचा हिशेब

प्रश्न: भरती-ओहोटी, जमिनीतली उष्णता आणि हायड्रोजन यांतली कुठली ऊर्जा आपल्याला खरंच परवडेल? किती मिळेल आणि पर्यावरणाची अडचण काय? थोडक्यात सांगा.

मी साताऱ्याचा. पाटणवर वनकुसवड्याच्या पठारावर बरीच वर्षं पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलंय, तेव्हा हिशेब युनिटातच सांगतो. पहिल्या दोन ठिकाणी निसर्गातून वीज मिळते. हायड्रोजनमध्ये आधी वीज घालावी लागते, त्यामुळे तो या रांगेत बसतच नाही. त्याचं शेवटी सांगतो.

भरतीचं गणित उंचीवर चालतं, तेही वर्गाने. पाणी चौपट उंच चढलं तर तेवढ्याच तळ्यातून सोळापट ऊर्जा मिळते. खंभातच्या आखातात मोठ्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं, आपल्या रत्नागिरीकडे दोन-अडीच मीटर. म्हणून देशात खंभातची क्षमता सुमारे 7000 मेगावॅट धरतात आणि कोकणाचं नाव फारसं निघत नाही. पण तिथेही गाळ आहे, आणि खाडीला बांध घातला की मासे आणि चिखलावर जगणारे जीव अडतात. फ्रान्समधलं ला रान्सचं केंद्र 1966 पासून चालू आहे. 240 मेगावॅटचं, पण वर्षाची वीज पूर्ण क्षमतेच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी. खर्चाचं म्हणाल तर सुंदरबनातला दुर्गादुआनीचा 3.75 मेगावॅटचा प्रकल्प 238 कोटींवर गेला आणि गुंडाळला. मेगावॅटला 63 कोटी पडले. सोलरचा मेगावॅट चार-पाच कोटींत उभा राहतो.

जमिनीतल्या उष्णतेचा मोह मलाही पडला होता. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे तुरळच्या कुंडावर गेलो की पाण्यात बोट घालवत नाही. पाणी साठ अंशांच्या आसपास. वाटतं, इथे टर्बाइन का नाही? कारण असं की उष्णतेतून वीज निघते ती गरम आणि थंड यांतल्या फरकावर. साठ अंशांचं पाणी आणि बाहेर तीस अंशांचा कोकण, म्हणजे सिद्धांतानेच नऊ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे, आणि त्यातूनच पंप चालवायचे. अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी 74 अंशांच्या पाण्यावर 2006 पासून वीज निघते खरी, पण तिथे यंत्र थंड करायला चार-पाच अंशांचं पाणी मिळतं. तेवढं गार पाणी आपण कुठून आणायचं?

खोल बोअर घेतलं तर जास्त उष्णता लागू शकते, पण बोअर कोरडं निघालं तर सगळे पैसे पाण्यात. देशभरची क्षमता साधारण 10,600 मेगावॅट सांगतात. त्यात भरवशाची जागा लडाखमधलं पुगा. तिथे 2022 मध्ये बोअर घेताना गरम पाणी ओढ्यात सुटलं होतं. या पाण्यात क्षार असतात, बोरॉन असतं, कधी आर्सेनिकही. म्हणून वापरलेलं पाणी परत खाली सोडावंच लागतं, आणि पाइपात खरपुड्या धरतात त्या वेगळ्याच. एवढं जमलं तर मात्र ही वीज दिवसरात्र मिळते. वाऱ्याकडून ती अपेक्षा करू नका, आमच्या चक्क्या पावसाळ्यात पळतात आणि एरवी बऱ्याचदा नुसत्या उभ्या असतात.

आता हायड्रोजन. पाणी फोडून एक किलो बनवायला साधारण 55 युनिट लागतात. त्या किलोत ऊर्जा राहते 33 युनिटांची. फ्युएल सेलमधून पुन्हा वीज केली की हातात येतात 16-17. वीज चार रुपयांनी धरली तर किलोला 220 रुपये नुसत्या विजेचे. त्यातून परत निघणारं युनिट तेरा रुपयांच्या वर जातं, आणि यात यंत्राची किंमत, दाबून भरणं, टाक्या हे काहीच धरलेलं नाही. वीज साठवायचीच असेल तर पाणी वरच्या धरणात चढवा, घाटघरला ते चालूच आहे. त्यात शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात.

पाण्याची भीती मात्र लोक उगाच घालतात. रसायनशास्त्राप्रमाणे किलोला 9 लिटर. शुद्धीकरण आणि थंड करणं धरून ते दुप्पट-तिप्पट होईल, तरी उसाला लागतं त्यापुढे काहीच नाही. खरी अडचण वीज कुठली यात आहे. कोळशाच्या विजेवर बनवलात तर नैसर्गिक वायूपासून बनवण्यापेक्षाही जास्त धूर होतो.

मग हायड्रोजन कुठे वापरायचा? जिथे तो आजही कच्चा माल म्हणून लागतो तिथे, म्हणजे रिफायनरी आणि खताचा अमोनिया. तिथेही एक गोम आहे. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि कारखान्याला तो त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो. वायू बंद केला की तो दुसरीकडून आणायला लागतो. आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवताना तो बऱ्यापैकी शुद्ध निघतो, आणि सगळीकडे काही तो पकडून ठेवत नाहीत.