एलटीएचा ब्लॉक, शिल्लक राहिलेला प्रवास आणि पात्र भाडे

प्रश्न: एलटीएचा, म्हणजे रजा प्रवास भत्त्याचा, 2022-25 चा ब्लॉक आर्थिक वर्षांप्रमाणे मोजायचा की कॅलेंडर वर्षांप्रमाणे? आणि सूट फक्त तिकिटावर मिळते की टूर कंपनीच्या पूर्ण बिलावर?

कॅलेंडर वर्षांप्रमाणे. चार वर्षांचा हा ब्लॉक 1 जानेवारी 2022 रोजी सुरू होऊन 31 डिसेंबर 2025 रोजी संपतो आणि त्यात दोन प्रवासांवर आयकरात सूट मिळते. पगार, टीडीएस आणि फॉर्म 16 हे सारे एप्रिल ते मार्च या हिशेबाने चालत असल्यामुळे डिसेंबर 2025 मधील प्रवास आणि फेब्रुवारी 2026 मधील प्रवास एकाच आर्थिक वर्षात येतात, पण ब्लॉक मात्र दोन वेगळे लागतात. बहुतेक चुका इथेच सुरू होतात. माझ्या बाबतीत ब्लॉकमधील प्रवास मोजण्याची चूक माझ्या कार्यालयातील लेखा अधिकाऱ्यांनी केली आणि ती मान्य करण्यास ते आजही तयार नाहीत.

2018-21 च्या ब्लॉकमध्ये मी मे 2019 मध्ये एकदाच प्रवास केला होता. पुढील दोन वर्षे कोरोनामुळे घरातच गेली. त्यानंतर मे 2022 मध्ये एक, दिवाळी 2023 मध्ये दुसरा आणि डिसेंबर 2024 मध्ये तिसरा प्रवास झाला. तिसऱ्या प्रवासाची कागदपत्रे दिल्यावर, "तुमचे या ब्लॉकमधले दोन्ही प्रवास झाले, आता पूर्ण रक्कम करपात्र," असे उत्तर मिळाले आणि मार्चच्या पगारातून त्याप्रमाणे कर कापला गेला.

आयकर नियम 2ब काय म्हणतो, ते त्यांनी वाचलेच नव्हते. एखाद्या ब्लॉकमधील प्रवास वापरायचा राहिला असेल, तर पुढील ब्लॉकच्या पहिल्या कॅलेंडर वर्षात केलेल्या पहिल्या प्रवासावर सूट मिळते, आणि तो प्रवास नव्या ब्लॉकच्या दोन प्रवासांत मोजायचा नाही, असे त्या नियमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. म्हणजे मे 2022 चा माझा प्रवास हा 2018-21 चा शिल्लक प्रवास ठरतो, दिवाळी 2023 चा नव्या ब्लॉकमधील पहिला आणि डिसेंबर 2024 चा दुसरा. मागील ब्लॉकमधील दोन्ही प्रवास राहिले असले, तरी पुढे एकच येतो, आणि पहिले वर्ष कोरडे गेले की तोही बुडतो. मी मे 2022 ऐवजी जानेवारी 2023 मध्ये निघालो असतो, तर साहेब बरोबर ठरले असते. तसे झाले नाही.

मी हे छापील नियमासह दाखवले. त्यांच्या तक्त्यात मे 2022 समोर "नवीन ब्लॉक, प्रवास पहिला" अशी नोंद होती आणि त्या नोंदीपुढे नियमाचे काही चालले नाही. लेखा विभागाचा तक्ता म्हणजे कायदा नव्हे, हे मी त्यांना शांतपणे सांगितले. किमान मला तरी ते शांतपणे सांगितल्यासारखे वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. टूर कंपनीचे पूर्ण बिल चालत नाही, हे मला माझ्याच बिलावरून सांगता येईल. डिसेंबर 2024 च्या प्रवासात आम्ही पुण्याहून कोचीला विमानाने गेलो, तेथून टॅक्सीने मुन्नारला जाऊन परत एर्नाकुलमला आलो, पुढे रेल्वेने कन्याकुमारी गाठली आणि तेथून रेल्वेनेच पुण्याला परतलो. मी, पत्नी, दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे होती आणि एकूण बिल 1,46,000 रुपये झाले. त्यातून मी प्रथम हॉटेल, जेवण, मुन्नारची टॅक्सी आणि स्थलदर्शन बाजूला काढले. सूट प्रवासभाड्याची आहे, सहलीची नाही, आणि मुन्नार कन्याकुमारीच्या सर्वांत जवळच्या मार्गावर नसल्याने त्या फेऱ्याचे भाडेही धरता येत नाही. मग सासूबाईंची तिकिटे वगळली, कारण कायद्याच्या व्याख्येत पती किंवा पत्नी, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आपले आईवडील व भावंडे एवढेच कुटुंब आहे. (हे घरी सांगताना शब्द जपून वापरावेत.)

चौघांचे विमानभाडे 30,000, एर्नाकुलम ते कन्याकुमारी रेल्वेभाडे 4,400 आणि परतीचे रेल्वेभाडे 8,800 असे 43,200 रुपये उरले. कंपनीने एलटीए 60,000 दिला होता. त्यामुळे 43,200 करमुक्त आणि उरलेले 16,800 करपात्र, असा हिशेब झाला. प्रत्यक्ष खर्च, मिळालेला एलटीए आणि नियमातील भाड्याची मर्यादा या तिन्हींत जी रक्कम सर्वांत कमी असेल, तेवढीच सूट मिळते. विमानासाठी ही मर्यादा सर्वांत जवळच्या मार्गाच्या इकॉनॉमी भाड्याची आहे. नियमात त्यासाठी राष्ट्रीय विमान कंपनीचे नाव घेतले आहे, आणि ती कंपनी जानेवारी 2022 मध्ये खासगी मालकीची झाली, हा गमतीचा भाग. रेल्वेने जोडलेल्या ठिकाणी विमानाखेरीज अन्य कोणत्याही साधनाने गेल्यास वातानुकूलित प्रथम वर्गाचे भाडे ही मर्यादा ठरते. याचा अर्थ तृतीय वातानुकूलित वर्गाने जाऊन प्रथम वर्गाचे भाडे मागता येते, असा मात्र नाही.

कार्यालयाने नाकारले म्हणजे हक्क संपला, असे कृपया समजू नका. मी विवरणपत्र भरताना करमुक्त भत्त्यांच्या रकान्यात कलम 10(5) निवडून 43,200 ही रक्कम लिहिली. फॉर्म 16 मध्ये पूर्ण एलटीए करपात्र दाखवलेला असल्याने आकडा जुळणार नव्हता. म्हणून तिकिटे, बोर्डिंग पास, पैसे भरल्याच्या नोंदी, रजा मंजुरीचे पत्र आणि आधीच्या तिन्ही प्रवासांच्या वर्षांचे फॉर्म 16 एका फाइलमध्ये लावून ठेवले. माझा करदर 20 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणून सुमारे 8,986 रुपयांचा परतावा अपेक्षित होता आणि तेवढाच खात्यात आला. त्याची प्रत मी लेखा विभागाला पाठवली. उत्तर आले नाही. तुम्ही निदान एवढे करा, की आजच लेखा विभागाला ईमेल पाठवून तुमच्या नावावर कोणत्या ब्लॉकमध्ये किती प्रवास लावले आहेत, हे लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेले दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

हे सर्व जुन्या करप्रणालीत असाल तरच लागू आहे, हे खरे तर आधीच लिहायला हवे होते. नव्या करप्रणालीत ही सूट नाही, आणि 2023-24 पासून तीच मूळ पर्याय म्हणून धरली जाते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. प्रवास रजेवर असताना आणि भारतातच झालेला असावा. परदेशातून वळसा घालून भारतातील ठिकाणी पोहोचण्याची युक्ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये स्टेट बँकेच्या प्रकरणात अमान्य केली आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीचे सेवानियम वेगळे आहेत. त्यातील मूळ गावाच्या प्रवासाचे दोन वर्षांचे गणित खासगी नोकरीतील एलटीएला लावू नका. आमच्या साहेबांनी तेही एकदा लावून पाहिले होते.