‘यांचा सारांश द्या’ एवढेच सांगितले असेल तेव्हा: मोकळ्या उत्तरांतून सूत्रे कशी काढावीत

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या कार्यालयात मी काम करते. विद्यार्थ्यांकडून गूगल फॉर्म भरून घेतला. त्यात शेवटचा प्रश्न मोकळा होता: ‘अभ्यासिकेत कोणत्या सुधारणा हव्यात?’ शीटमध्ये ३४० ओळी आहेत. काही मराठीत, काही इंग्रजीत, बऱ्याचशा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. विश्वस्तांनी फक्त ‘यांचा सारांश द्या’ असे सांगितले आहे. मी जागा, वेळ, पाणी, वायफाय, आवाज असे गट पाडले, पण त्यातून सांगण्यासारखे काही निघत नाही. पुढे काय करावे?

उत्तर:

आपण पाडलेले गट चुकीचे नाहीत, परंतु ते विषयांचे गट आहेत. विद्यार्थी कशाबद्दल बोलले एवढेच त्यांतून कळते. त्याबद्दल ते काय म्हणाले, हे कळत नाही. ‘जागेबद्दल बरीच उत्तरे आली’ हे वाक्य विश्वस्तांना फॉर्म न भरून घेताही लिहिता आले असते. त्यांना उपयोगी पडेल ते सूत्र म्हणजे अनेक उत्तरांमधून उभे राहणारे एक पूर्ण विधान, ज्याला ‘हो, असेच आहे’ किंवा ‘नाही, असे नाही’ असे म्हणता येते.

काम पुढे नेण्याआधी विश्वस्तांना एकच प्रश्न विचारावा: हा सारांश वाचून कोणता निर्णय घ्यायचा आहे? नवे सभागृह भाड्याने घ्यायचे की नाही, असा विचार चालू असेल, तर जागेविषयीची उत्तरे फार बारकाईने वेगळी करावी लागतील. केवळ वार्षिक अहवालासाठी परिच्छेद हवा असेल, तर तेवढ्या खोलात जाण्याचे कारण नाही. उत्तर मिळाले नाही, तर आपण कोणता हेतू गृहीत धरला ते सारांशाच्या पहिल्याच वाक्यात लिहावे. गृहीतक चुकले असेल, तर ते वाचणाऱ्याला तिथेच दिसते.

आता शीटकडे वळू. मूळ उत्तरांचा रकाना जसाच्या तसा ठेवावा, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा आणि पुढचे सगळे काम शेजारच्या रकान्यांत करावे. रिकाम्या ओळी आणि नुसती रेघ किंवा टिंब टाकलेल्या ओळी बाजूला काढाव्यात. पण ‘सर्व छान आहे’ हे उत्तर आहे, ते मोजणीत राहते. नंतर ओळींचा क्रम विस्कटावा. फॉर्मची उत्तरे आलेल्या वेळेनुसार लागतात, आणि लिंक आधी एखाद्याच व्हॉट्सॲप गटात गेली असेल, तर वरच्या कित्येक ओळी एकाच बॅचच्या असतात. वरून वाचत गेल्यास त्याच बॅचच्या तक्रारींवरून आपले वर्गीकरण ठरून जाते. एका रकान्यात `=RAND()` घालून, आलेले आकडे ‘केवळ मूल्ये’ म्हणून पेस्ट करून त्यांवर क्रम लावला की हे टळते. पेस्ट केले नाही, तर शीटमधल्या प्रत्येक बदलाबरोबर ते आकडे बदलत राहतात.

शब्द शोधून मोजण्याचा मोह या टप्प्यावर होतो. तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘जागा’ शोधल्यास ‘परीक्षेच्या काळात रात्री जागावे लागते’ हे उत्तरही सापडते, आणि ‘jaga’, ‘seat’ किंवा ‘बसायला टेबल नसतं’ असे लिहिणारे निसटतात. ‘आवाज’ शोधल्यास ‘इथे आवाज नसतो म्हणून येतो’ हे कौतुकही तक्रारींत जमा होते. तीनशे छोटी उत्तरे वाचायला एखादा दिवस पुरतो, आणि या कामात वाचण्याला पर्याय नाही.

विस्कटलेल्या क्रमातली पहिली पन्नास-साठ उत्तरे वाचताना प्रत्येकासमोर एक लहानसा शब्दसमूह, म्हणजेच कोड, लिहावा. तो नामाचा नसावा, म्हणण्याचा असावा: ‘जागा’ असे न लिहिता ‘लोक बॅग ठेवून जागा धरतात’ किंवा ‘एकूण टेबले कमी’. एका उत्तरात दोन मुद्दे असतील, तर दोन कोड द्यावेत. जो मुद्दा आधी आला तोच नोंदवण्याची सवय लागली, तर दुसरा मुद्दा सगळ्या शीटमधून नाहीसा होतो. नव्या कोडची गरज क्वचितच पडू लागली की थांबून कोडांची यादी करावी. प्रत्येकापुढे त्यात काय येते, काय येत नाही आणि एक नमुन्याचे उत्तर, एवढे लिहावे. ‘सकाळी गेलो तर सगळ्या खुर्च्यांवर वह्या असतात’ हे ‘जागा धरणे’मध्ये येते, ‘गर्दी फार असते’ हे येत नाही, कारण गर्दीचे कारण विद्यार्थ्याने सांगितलेले नाही. ही यादी हाती घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी. प्रत्येक कोडला एक रकाना द्यावा आणि तो मुद्दा उत्तरात असेल तर तिथे १ लिहावा.

आपली शीट माझ्यासमोर नाही. म्हणून पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतो. रिकाम्या ओळी काढून ३०० उत्तरे उरली. ‘एकूण टेबले कमी’ हे ३८ जणांनी लिहिले, ‘जागा धरून ठेवली जाते’ हे ६६ जणांनी, आणि १२ जणांनी दोन्ही. म्हणजे जागेविषयी काही ना काही म्हणणारे ९२ जण झाले, १०४ नव्हे. माणसे मोजायची की उल्लेख, हे इथे ठरते, आणि अहवालात नेहमी माणसे मोजावीत. आपल्या ‘जागा’ या एका गटात हे दोन्ही मिसळले होते. त्यातून निघणारी कृती मात्र वेगवेगळी आहे: पहिल्यासाठी टेबले वाढवावी लागतील, दुसऱ्यासाठी नियम करून तो पाळला जातो का हे पाहावे लागेल.

समजा, ‘अभ्यासिका सकाळी लवकर उघडा’ असे ५४ जणांनी म्हटले. विषयांच्या यादीत हा ‘वेळ’ या गटात जाऊन बसतो आणि विश्वस्त वेळ बदलण्याचा विचार करू लागतात. पण ही ५४ उत्तरे सलग वाचून पाहावीत. त्यांत ‘सहाच्या आत आलं तरच टेबल मिळतं’, ‘उशीर झाला की बॅगा दिसतात’ अशी उत्तरे भेटतात का, ते पाहावे, आणि हे दोन कोड एकत्र किती वेळा आले, ते मोजावे. ‘जागा धरणे’ हा रकाना E आणि ‘लवकर उघडा’ हा रकाना F असेल, तर:

```
=COUNTIFS(E2:E301,1,F2:F301,1)
```

याचे उत्तर ३१ आले, तर चित्र बदलते. लवकर उघडण्याची मागणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण जागा धरण्याबद्दलही बोलत आहेत. सूत्र असे होईल: ‘टेबल मिळावे म्हणून विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सोयीपेक्षा लवकर यावे लागते, कारण रिकाम्या टेबलांवर दुसऱ्याचे सामान असते.’ हे विधान ‘जागा’ आणि ‘वेळ’ या दोन्ही विषयांना छेदून जाते; म्हणूनच केवळ विषयवार गट पाडून ते दिसले नसते. उरलेल्या २३ जणांची कारणे वेगळी असू शकतात. नोकरीवर जाण्याआधी दोन तास हवे असणारे त्यांत असतील. त्यांना या सूत्रात ओढून बसवू नये. दार पाचला उघडल्यास बॅगाही पाचलाच ठेवल्या जातील, असा अंदाज बांधता येतो. पण तो आपला आहे, विद्यार्थ्यांनी तसे लिहिलेले नाही, म्हणून तो वेगळ्या वाक्यात आणि अंदाज म्हणूनच मांडावा.

सूत्र सुचले की त्याच्या विरोधात जाणारी उत्तरे मुद्दाम शोधावीत. ‘जागा सहज मिळते’ असे लिहिणारे कोण आहेत? ते सगळे संध्याकाळी येणारे निघाले, तर आपले सूत्र सकाळपुरते खरे आहे आणि तसेच लिहिले पाहिजे. फॉर्ममध्ये येण्याची वेळ विचारली नसेल, तर ही मर्यादाही सांगावी. याशिवाय यादी आणि चाळीसेक ओळी एखाद्या सहकाऱ्याला द्याव्यात आणि आपले कोड न दाखवता त्यांच्याकडून कोड लावून घ्यावेत. जिथे मतभेद होतो, तिथे बहुतेक वेळा यादीतली व्याख्याच ढिली असते. ती घट्ट करून त्या कोडच्या सगळ्या ओळी पुन्हा पाहाव्यात. ‘इतर’ या रकान्यात दहात एकाहून अधिक उत्तरे गेली, तर एखादे सूत्र आपल्या नजरेतून सुटले आहे असे मी समजतो.

टक्केवारीबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. ३०० पैकी ६६ म्हणजे २२ टक्के, हा हिशोब बरोबर आहे. पण उरलेल्या ७८ टक्क्यांना जागेची अडचण नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मोकळ्या प्रश्नात माणूस त्या क्षणी मनात असलेले लिहितो, न लिहिलेले नाकारत नाही. म्हणून ‘३०० पैकी ६६ जणांनी आपणहून लिहिले’ अशी शब्दयोजना करावी. शिवाय आपला प्रश्नच सुधारणा विचारणारा असल्यामुळे उत्तरांत तक्रारी जास्त असणार; त्यावरून ‘विद्यार्थी नाराज आहेत’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. जागा मिळेना म्हणून अभ्यासिका सोडून गेलेले विद्यार्थी तर या शीटमध्ये नाहीतच.

मोजणीत मागे पडणाऱ्या एका प्रकारच्या उत्तराकडे मात्र फार लक्ष द्यावे. एखाद्याच विद्यार्थ्याने ‘मागचं दार कायम कुलूपबंद असतं, आग लागली तर बाहेर कसं पडायचं’ असे लिहिलेले असू शकते, किंवा एखाद्या मुलीने रात्री जिन्यात दिवा नसल्याचे सांगितलेले असू शकते. एका उत्तराचे सूत्र होत नाही, परंतु सुरक्षिततेची बाब किती जणांनी मांडली यावर अवलंबून नसते. अशी उत्तरे सूत्रांत न मिसळता ‘तातडीने पाहण्याच्या बाबी’ म्हणून सर्वांत वर द्यावीत, आणि शक्य असेल तर सारांश पूर्ण होण्याची वाटही न पाहता विश्वस्तांना कळवावीत.

प्रत्यक्ष लिखाण एका पानात मावावे. तीन किंवा चार सूत्रे, प्रत्येक पूर्ण वाक्यात. त्याखाली किती जणांनी आपणहून लिहिले तो आकडा, एक-दोन उत्तरे त्यांच्याच शब्दांत, आणि सूत्राला अपवाद असतील तर तेही. वेचलेल्या उत्तरांतून बॅच, गाव, टेबल क्रमांक असे ओळख पटवणारे तपशील काढावेत, कारण लहान अभ्यासिकेत तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. वेचे निवडताना सर्वांत तिखट वाक्य घेऊ नये. त्या सूत्रातल्या बहुतेकांचा सूर ज्यात आहे, ते घ्यावे. पाणी आणि वायफाय यांसारख्या मुद्द्यांत विषयापलीकडे काही नसेल, तर त्यांना ओढूनताणून सूत्र करू नये. ‘याशिवाय’ म्हणून एका ओळीत आकड्यांसह नोंदवले की पुरे. शीटची ओळख काढलेली प्रत आणि कोडांची यादी सारांशासोबत जोडावी, म्हणजे ‘हे ६६ जण कोणते’ असे कोणी विचारल्यास त्या रकान्याला फिल्टर लावून ती उत्तरे लगेच दाखवता येतील.