पहिली नोकरी, 2.80 लाखांचं पॅकेज: धाकट्या भावाला काय लिहू?

प्रश्न: आम्ही कळवणचे. धाकटा भाऊ मेकॅनिकल डिप्लोमा करून 10 ऑगस्टपासून नाशिकला अंबड एमआयडीसीत लागतोय. पॅकेज 2.80 लाख. तो आत्तापासूनच बाइकचा हप्ता मोजायला लागलाय. मोठी बहीण म्हणून पैसा आणि धीर यांबद्दल त्याला काय लिहून पाठवू?

उत्तर:

ताई, मी कंपन्यांची पगारपत्रकं आणि पीएफ यांचं काम करतो. "बचत कर, उधळू नकोस" असं लिहिलंत तर तो "हो ताई" म्हणेल आणि संपेल. त्यापेक्षा त्याला त्याच्याच पगाराची फोड करून दाखवा. धीर कुठे धरायचा हे त्या आकड्यांतूनच कळतं. खाली मेसेजच लिहून देतो. फोड मी नेहमीच्या पद्धतीची धरली आहे: महिन्याचा ग्रॉस 20,000, त्यात बेसिक आणि डीए मिळून 15,000. त्याच्या ऑफर लेटरचं दुसरं पान मागवून घ्या आणि आकडे वेगळे असतील तर बदला.

---

अरे, 2.80 लाखांना 12 ने भागून तू 23,300 काढले असतील. तेवढे हातात येणार नाहीत. पॅकेजमध्ये कंपनी तुझ्यासाठी जे काही भरते ते सगळं धरलेलं असतं. तुझा ग्रॉस 20,000 आहे. त्यावर कंपनीचा पीएफ 1,800, ईएसआय म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे 650, ग्रॅच्युइटीपोटी धरलेले साधारण 720 आणि पीएफचा विमा व प्रशासकीय खर्च 150, असं मिळून 23,300 होतात. ग्रॅच्युइटी तर पहिल्या महिन्यात कुणालाच मिळत नाही, पण कागदावर ती असते.

आता 20,000 मधून तुझं काय कापलं जाईल ते बघ. 15,000 वर 12 टक्के म्हणजे 1,800 पीएफ. 20,000 वर पाऊण टक्का म्हणजे 150 ईएसआय. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात राहिले 17,850. महिन्याचा हिशेब या आकड्यावर मांड. ओव्हरटाइम आणि हजेरी भत्ता मिळाला तर आनंदच, पण त्यांच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नकोस. ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो.

पहिला पगार आणखी कमी येईल, घाबरू नकोस. तू 10 तारखेला लागतोयस, म्हणजे ऑगस्टचे 22 दिवस धरले जातील आणि साधारण साडेबारा हजार जमा होतील, तेही सप्टेंबरच्या 7 तारखेच्या आसपास. तोपर्यंतचे चार आठवडे खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना आणि जाण्यायेण्याचा खर्च घरच्या पैशांतून होईल. ते मी बघते. तू त्यासाठी मित्राकडून उसने किंवा मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज घेऊ नकोस. कंपनीची हजेरी कोणत्या तारखेला बंद होते हेही विचारून ठेव. काही ठिकाणी 25 तारखेला बंद होते आणि उरलेले दिवस पुढच्या पगारात धरले जातात. मग पहिली रक्कम अजून छोटी दिसते.

बाइक घे, पण पूर्ण महिन्याच्या तीन स्लिपा हातात आल्यावर. तीन स्लिपांत तुला खरा पगार कळतो, आणि फायनान्सवालेही बहुतेक वेळा तेवढ्या मागतातच. हप्त्याची तारीख स्वतः सांग. पगार 7 ला होत असेल आणि हप्ता 5 ला असेल तर पैसे असूनही हप्ता बाउन्स होतो. बँक दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा लावते आणि सिबिलवरही डाग पडू शकतो. तारीख 10 किंवा त्यानंतरची माग.

आता पीएफ. यासाठीच एवढं लांबलचक लिहिते आहे. तुझे 1,800 कापले जातात तेवढेच कंपनीही भरते, पण तिचे सगळे तुझ्या पीएफ खात्यात जात नाहीत. त्यातले 1,250 पेन्शनमध्ये जातात आणि 550 पीएफमध्ये. म्हणजे खात्यात दर महिन्याला 2,350 साठतात. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. तो बघून "कंपनीने कमी भरले" म्हणून एचआरशी भांडू नकोस.

2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज होतं. दर तोच राहिला आणि पगार एक रुपयाही वाढला नाही असं धरलं, तरी पाच वर्षांत तुझ्या नावावर सुमारे 1,72,000 होतात. त्यातले 1,41,000 भरलेले आणि बाकीचं व्याज. पहिल्या वर्षी व्याज जेमतेम हजार रुपये दिसेल. पाचव्या वर्षात ते बारा हजारांच्या आसपास जातं. सुरुवातीला काहीच वाढत नाही असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच लोक पैसे काढून घेतात.

हे घडतं नोकरी बदलताना. दीड वर्षाने दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात, कुणीतरी सांगतो की "सायबर कॅफेत जा, पीएफ काढून मिळतो", आणि तीस-चाळीस हजार मोबाइलमध्ये जातात. तू काढू नकोस, ट्रान्सफर कर. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर टीडीएस कापला जातो. जुनं खातं नव्याला जोडलं की आधीच्या कंपनीतली वर्षंही या पाचांत मोजली जातात. पेन्शनचंही तसंच आहे. एकूण 10 वर्षं भरली की पुढे पेन्शनचा हक्क मिळतो, आणि मधेच पेन्शनचे पैसे काढले की तेवढी वर्षं पुसली जातात.

तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, 12 आकडी आहे आणि तो आयुष्यभर एकच राहतो. नव्या कंपनीत फॉर्म 11 भरताना तोच लिही. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर ट्रान्सफर अडकतो. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit आहे, तिथे ती तारीख स्वतः भरता येते. आधार जोडलेलं असेल तर ट्रान्सफर अनेकदा आपोआप होतो. तरी जुन्या पासबुकात शिल्लक शून्य झाली आणि नव्यात तीच रक्कम आली, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय झालं असं समजू नकोस.

आणि दोन हजार जास्त म्हणजे खरोखर जास्त आहेत का, तेही मोज. ईएसआय 21,000 पर्यंतच्या पगाराला असतं. आज महिन्याला 150 रुपयांत तुझ्यावर आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर उपचार होऊ शकतात. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. नव्या कंपनीत 22,000 वर लागलास तर हे बंद. मग घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा स्वतः घ्यायचा, आणि आई-वडिलांच्या वयाला तो स्वस्त नसतो. त्यात आत्ताची कंपनी बस आणि कँटीन देत असेल आणि नवी देत नसेल, तर दोन हजारांतलं काहीच उरत नाही. अशा वेळी वर्षभर थांबून काम शिकणं आणि मग मोठी उडी घेणं परवडतं. नवीन ठिकाणी चार-पाच हजारांचा फरक पडत असेल आणि काम शिकायला मिळत असेल, तर खुशाल जा. मी अडवणार नाही.

दर महिन्याला 20 तारखेनंतर उमंग ॲपवर पासबुक उघड. कंपनीला मागच्या महिन्याचा पीएफ 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. ऑगस्टचा भरणा सप्टेंबरअखेरही दिसला नाही तर आधी एचआरला शांतपणे विचार. स्लिपमध्ये कापलेलं दिसतंय आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच नाही, तर मला सांग. दर महिन्याची स्लिप पीडीएफ करून मला पाठवत जा. कंपनी सोडल्यावर जुन्या स्लिपा मिळवणं फार अवघड असतं.

---

मेसेज इथे संपला. तो रुजू होण्याआधी तुम्ही दोन गोष्टी करून घ्या.

त्याचं नाव आणि जन्मतारीख आधार, पॅन आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर अक्षर न् अक्षर जुळते का बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, असं सर्रास असतं. पीएफचे दावे आणि ट्रान्सफर सगळ्यात जास्त इथे अडकतात. यूएएन निघायच्या आधी आधार दुरुस्त केलं तर पुढचा त्रास वाचतो.

दुसरं, नेमणुकीचं पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे ते वाचा. अंबड-सातपूरला गेटवर मोठ्या कंपनीची पाटी असते आणि मुलगा ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. त्यात गैर काही नाही, पण मग पासबुकात ठेकेदाराचं नाव येईल आणि ठेकेदार बदलला की त्याच यूएएनखाली नवं पीएफ खातं निघेल. तेव्हाही ट्रान्सफर करावाच लागतो, जरी मशीन आणि जागा तीच असली तरी. पत्रावर अप्रेंटिस ॲक्टचा उल्लेख असेल तर तो कामगार नाही, त्याला स्टायपेंड मिळेल आणि पीएफ कापला जाणार नाही. तसं असेल तर वरची पीएफची फोड त्याला आत्ता लागू नाही. मेसेजमधून ती काढा, नाहीतर पहिली स्लिप बघून तो गोंधळेल.

ठेकेदार पैसे कापून भरत नसेल तर epfigms.gov.in वर तक्रार करता येते. सोबत स्लिप, बँकेचं स्टेटमेंट आणि पासबुकाचा फोटो जोडा. नुसती तोंडी तक्रार पुढे सरकत नाही. म्हणूनच स्लिपा तुमच्याकडे पाठवायला लावल्या आहेत.