व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला जुनी चर्चा कशी द्यायची?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या खजिनदारांना ॲड केलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची सगळी चर्चा त्याआधीची आहे. त्यांना ती दिसेल का? नसेल तर त्यांच्यापर्यंत कशी पोचवायची?

आपोआप नाही दिसणार. त्यांच्या फोनवर ग्रुप सुरू होतो तो त्यांना ॲड केल्याच्या ओळीपासून. त्याच्या वर कितीही सरकवलं तरी काही नाही. ॲडमिन केलं तरी फरक पडत नाही, आणि ग्रुप सोडून परत आलेल्यालाही मधल्या काळातलं काही मिळत नाही.

यामागचं कारण कळलं की पुढचे उपायही कळतात. ग्रुपची चर्चा व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर साठवलेली नसते. मेसेज सगळ्यांना पोचला की तिथून जातो. कोणाचा फोन बंद असेल तर त्याच्यासाठी ३० दिवस थांबतो, एवढंच. आणि जो जातो तो कुलूपबंद जातो. ग्रुपमध्ये प्रत्येकाची आपली एक किल्ली असते, ती तो बाकीच्यांच्या फोनला आधी देऊन ठेवतो. दर मेसेजनंतर त्या किल्लीतून पुढची किल्ली तयार होते. नवा माणूस आला की त्याला मिळते ती त्या क्षणाची किल्ली. तिच्यातून पुढच्या काढता येतात, मागच्या नाही. पिठातून गहू परत मिळत नाहीत तसं. त्यामुळे कोणी कुठून तरी जुने मेसेज त्याच कुलूपबंद अवस्थेत आणून दिले तरी तुमच्या खजिनदारांचा फोन ते उघडू शकणार नाही. जुनी चर्चा आहे ती फक्त जुन्या सभासदांच्या फोनमध्ये. म्हणजे कोणीतरी आपल्या फोनमधून ती काढून द्यायची, हाच रस्ता उरतो.

व्हॉट्सॲपने फेब्रुवारी २०२६ मध्ये यासाठी एक सोय आणली. नव्या माणसाला ॲड करताना २५ ते १०० पर्यंत मागचे मेसेज सोबत पाठवता येतात. ते नेहमीच्या मेसेजपेक्षा वेगळे दिसतात, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ तशीच राहते, आणि इतिहास दिला गेल्याचं सगळ्या ग्रुपला कळतं. सोय चांगली आहे, पण तुमच्या कामाला तोकडी. कमिटीच्या ग्रुपवर १०० मेसेज म्हणजे आठवडाभराचा मामला, त्यातही निम्मे ‘शुभ सकाळ’. वॉटरप्रूफिंगची चर्चा महिन्यांपूर्वीची असेल तर ती त्यात यायचीच नाही.

एकेक मेसेज फॉरवर्ड करण्याचा मोह होईल, पण चर्चेसाठी ते निरुपयोगी. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मूळ कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं, हे दोन्ही गळतं. सगळं तुमच्याच नावाने आणि आजच्या तारखेने पोचतं. आणि खजिनदाराला नेमकं हेच हवं असतं, की ॲडव्हान्स द्यायला कोण कधी हो म्हणालं. पीडीएफ किंवा फोटो मात्र खुशाल फॉरवर्ड करा.

चर्चेसाठी खरा उपाय `Export chat`. अँड्रॉइडवर ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके, मग `More`, मग `Export chat`. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप करून माहितीच्या पानावर अगदी खाली जा. तिथे मीडियासह की मीडियाशिवाय असं विचारलं जातं. मीडियाशिवाय घ्या. मीडियासह घेतलं तर अलीकडचे साधारण १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,००० पर्यंत. म्हणजे चार-पाच वर्षांच्या ग्रुपमध्ये मीडियासह घेतल्यास जुना भाग कापला जाऊ शकतो. फाईल थेट खजिनदारांना पाठवू नका. आधी स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर घ्या. का ते खाली सांगतो.

ही फाईल कोणाच्या फोनवरून काढायची, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. फाईलमध्ये येतं ते त्या एका फोनमध्ये आहे तेवढंच. तो माणूस ग्रुपमध्ये उशिरा आला असेल, त्याने मध्ये कधी `Clear chat` केलं असेल, किंवा नवा फोन घेताना बॅकअप आणला नसेल, तर तेवढी चर्चा गायब. म्हणून ग्रुपमध्ये सर्वात जुना कोण आणि कोणाचा फोन आजवर धड राहिला आहे, ते आधी बघा. आमच्या इमारतीत हे काम नेहमी एका निवृत्त काकांकडे जातं, कारण ते कधीच काही डिलीट करत नाहीत. `Disappearing messages` चालू असेल तर मात्र काकाही काही करू शकणार नाहीत; जे गेलं ते सगळ्यांच्याच फोनवरून गेलं.

मिळते ती साधी टेक्स्ट फाईल. साधारण अशी:

```
12/06/25, 9:14 pm - सचिव: तीन कोटेशन आलीत, PDF टाकतोय
12/06/25, 9:15 pm - सचिव: <Media omitted>
12/06/25, 9:40 pm - बी ३०२: दुसरं बरं वाटतं, गॅरंटी जास्त आहे
12/06/25, 9:52 pm - ए १०१: हो, चालेल
```

आता यातल्या खाचा. पहिली: नावं येतात ती फाईल काढणाऱ्याने स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेली. कोणाला ‘३०२ कटकट’ म्हणून सेव्ह केलं असेल तर खजिनदारांना तेच वाचायला मिळेल. ज्यांचे नंबर सेव्ह नाहीत त्यांचा पूर्ण मोबाईल नंबर दिसतो. दुसरी: कोणता मेसेज कोणाला उत्तर म्हणून होता, ते फाईलमध्ये उतरत नाही. वरचं ‘हो, चालेल’ दुसऱ्या कोटेशनला होतं की रविवारच्या मीटिंगला, हे फाईलवरून ठरवता येणार नाही. तिसरी खाच आपल्याकडे सगळ्यात महाग पडते: मेसेजवर दिलेले अंगठे फाईलमध्ये येतच नाहीत. आणि आपल्या कमिट्यांमध्ये अर्ध्याहून जास्त मंजुऱ्या अंगठ्यावरच होतात. सचिवांनी लिहिलं, ‘३० टक्के ॲडव्हान्स देतोय, हरकत असेल तर सांगा’, आणि खाली सात अंगठे आले. फाईलमध्ये ते वाक्य एकटंच उभं दिसेल, जणू कोणीच काही म्हणालं नाही. नव्या माणसाला वाटेल की पैसे परस्पर दिले.

म्हणून तुमच्या बाबतीत मी असं करीन. फाईल कॉम्प्युटरवर उघडायची, ‘वॉटरप्रूफ’, ‘गच्ची’, ‘कोटेशन’ आणि ठेकेदाराचं नाव शोधायचं. लोक ‘waterproofing’ इंग्रजीतही लिहितात, ‘terrace’ही लिहितात, तेही शोधायचं. यातून पहिली आणि शेवटची तारीख कळते. तेवढा तुकडा नव्या फाईलमध्ये घ्यायचा. तुकडा मधूनमधून ओळी वेचून नाही, सलग घ्यायचा. नाहीतर सोयीचं तेवढं निवडलं असा संशय येतो, आणि तो रास्तही असतो. मात्र त्यात कोणाच्या घरचं आजारपण, कोणाच्या थकबाकीवरून झालेली वादावादी असं काही असेल तर ते काढायचं आणि तिथे कंसात ‘असंबद्ध मजकूर वगळला’ असं लिहायचं. तो माणूस तेव्हा त्या वेळच्या सभासदांसमोर बोलला होता. म्हणून तर फाईल आधी स्वतःकडे घ्यायला सांगितलं.

मग मूळ चॅट फोनवर उघडून दोन-तीन निर्णायक मेसेज गाठायचे: कोटेशन निवडलं तो, ॲडव्हान्सचा, आणि शेवटच्या बिलाचा. त्यांच्यावरचे अंगठे टॅप केले की नावं दिसतात, त्यांचा स्क्रीनशॉट. पोल घेतला असेल तर त्याचाही, कारण कोणी कुठे मत दिलं ते फोनवरच दिसतं. तुकडा आणि हे स्क्रीनशॉट मिळून खजिनदारांना पूर्ण चित्र मिळतं.

कोटेशन, बिलं, गॅरंटीचं पत्र या फाईली वेगळ्या गोळा कराव्या लागतील. ग्रुपच्या माहितीच्या पानावर मीडिया आणि डॉक्युमेंटची यादी असते, तिथून शोधणं सोपं. इथे एक अडचण येते: ज्याने ती पीडीएफ त्या वेळी डाउनलोडच केली नाही, त्याला काही महिन्यांनी ती उघडत नाही, पाठवणाऱ्याकडून परत मागवा असं सांगितलं जातं. सर्व्हरवर ती राहिलेली नसते. मग ज्याने मूळ टाकली होती किंवा उघडून पाहिली होती त्याचा फोन गाठायचा, नाहीतर सरळ ठेकेदाराकडून प्रत मागवायची.

`Export chat` दाबल्यावर काही होतच नसेल तर ग्रुपच्या माहितीत `Advanced chat privacy` चालू आहे का पाहा. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही सेटिंग चालू असेल तर चॅट बाहेर काढता येत नाही. ती बंद केल्याची नोंद ग्रुपवर सगळ्यांना दिसते, त्यामुळे आधी ग्रुपवर कारण लिहून मग बंद करा.

पुढच्या नव्या सभासदासाठी एवढी यातायात नको असेल तर सगळ्या फाईली सोसायटीच्या ईमेलच्या ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका आणि लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा. डिस्क्रिप्शन नव्या माणसालाही दिसतं आणि त्यात २,०४८ अक्षरं मावतात. लिंक पिन करून भागणार नाही. पिन केलेला मेसेज नव्या माणसाच्या आधीचा असेल तर तो त्याच्या फोनमध्ये नसतोच, शिवाय पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते.

कोणीतरी नक्की म्हणेल की टेलिग्रामवर जाऊ या. तिथे ग्रुपच्या सेटिंगमध्ये `Chat history for new members` असतं, ते `Visible` केलं की नव्या माणसाला पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं. व्हॉट्सॲपमधून एक्स्पोर्ट करताना टेलिग्राम निवडून जुनी चर्चा तिथे नेताही येते. हे जमतं कारण टेलिग्रामचे ग्रुप त्यांच्या सर्व्हरवर साठवलेले असतात, वर सांगितलेलं कुलूप तिथल्या ग्रुपला नाही. कमिटीच्या कामासाठी मला ते चालेल, पण आमच्या इमारतीतली माणसं एका ॲपवर उत्तर देत नाहीत, दोनवर काय देणार.

आणि ॲडव्हान्सची मंजुरी फक्त अंगठ्यांवर असेल, इतिवृत्तात नसेल, तर पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये ती घेऊन मिनिट बुकात लिहून घ्या. ऑडिटर तेच मागतील, चॅटचा तुकडा नाही.