एकाच पातेल्यातली भाजी, दोन अंगकाठ्या

मावशी, मी ३६ वर्षांची, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. नऊ वर्षांपूर्वी लग्नात ५८ होतं. जाऊबाई माझ्याएवढंच जेवतात, तरी काडीसारख्या. सासूबाई म्हणतात, तुझा तोंडावर ताबा नाही. माझी आईही जाड, तिला मधुमेह. माझी साखर काठावर आलीय. रक्तातच असेल, तर धडपड कशाला करू?
— दांडियाबाजार, वडोदरा

अगं, तू दोन तुलना एकत्र केल्यास. आधी जाऊबाईंशी केलेली घेऊ. घर एक, चूल एक, फरसाणाचा डबाही एकच. म्हणजे भोवतालचं बरंचसं सारखं, आणि मग जो फरक उरतो त्यात गुणसूत्रांचा वाटा मोठा असतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅनडातले संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना जवळजवळ शंभर दिवस देखरेखीखाली ठेवलं. आठवड्यातले सहा दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त दिल्या. कुणाचं वजन चार किलोच्या थोडं वर वाढलं, कुणाचं तेरा किलोंच्याही वर गेलं. पण जुळ्या भावांची वाढ एकमेकांशी बरीच मिळतीजुळती निघाली. इथे जिभेवरच्या ताब्याचा प्रश्नच नव्हता, ताटं मोजून वाढलेली होती. सासूबाईंचा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

दुसरी तुलना नऊ वर्षांपूर्वीच्या तुझ्याशी. त्या काळात तुझी गुणसूत्रं बदलली नाहीत, वजन मात्र १४ किलो वाढलं. त्यात वयाचा थोडा हात असेल, पण जेवणाची वेळ, चालणं, झोप, डब्याची जागा हे सगळंही बदललेलं असणार. जन्मजात कल असतो तो वजन सहज चढण्याचा, आणि त्याला चढायला भोवताल वाव देतो. म्हणून जाऊबाईंएवढं बारीक होण्याचं ध्येय आजच सोड. ते तुझ्या हातात नाही.

साखर मात्र पुष्कळ अंशी हातात आहे. चेन्नईला काठावरच्या साखरेच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास झपझप चालणं, आणि साखर, मैदा, तेल कमी, एवढाच सल्ला. वजन जवळजवळ हललं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. काटा हलला नाही म्हणून तू चालणं सोडशील, तीच खरी चूक ठरेल.

तेव्हा संध्याकाळी कमाटीबागेत अर्धा तास चाल. फरसाण टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेव, समोर दिसलं की हात जातोच. तीन महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून डॉक्टरांना दाखव, थायरॉइडचीही एकदा करून घे. घरी टेपने कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. आज किती भरते ते कॅलेंडरवर लिहून ठेव, पुढच्या महिन्यात त्याच आकड्याशी ताडून बघ. जाऊबाईंची कंबर मोजू नकोस.