गझलेला गझलेचंच माप लाव

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. स्पर्धेच्या परीक्षकांनी तुझ्या गझलेवर शेरा मारला आहे, 'कल्पना चांगल्या, पण एकसंध भाव नाही. कविता विस्कळीत.' तेव्हापासून तू पाचही शेर आजोबांच्या शेताभोवती गुंफायला बसली आहेस आणि शेवटी विचारतेस, 'सर, मुळात हे चांगलं आहे का?'

थांब, गुंफू नकोस. मीही हेच करून बसलो होतो.

'चांगलं आहे का' हा प्रश्न तू अर्धाच विचारला आहेस. काय म्हणून चांगलं? भावगीत म्हणून, मुक्तछंदातली कविता म्हणून की गझल म्हणून? भावकवितेत एक मनःस्थिती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाढत जाते. तिथे एखादं कडवं भलतीकडे गेलं तर कविता खरोखरच मोडते. गझलेत प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो आणि पुढच्या शेराशी त्याचं अर्थाचं नातं असावंच लागत नाही. सुरेश भटांनी नवोदितांसाठी गझलेची बाराखडी लिहिली, तेव्हा शेराच्या या स्वतंत्रपणावरच भर दिला. शेर बांधून ठेवतात ते वृत्त, काफिया म्हणजे यमक, आणि रदीफ म्हणजे यमकामागे दरवेळी तसाच येणारा शब्द. परीक्षकांना दोष म्हणून जे दिसलं, तो या प्रकाराचा मूळ स्वभाव आहे.

मग तुझी गझल चांगली आहे का? आता तिच्या मापाने बघू. हा तुझा दुसरा शेर:

राबला आजा जिथे तो बांध गेला
सातबारा कागदी संसार होता

मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात ती उगीच नाही. ऐकणाऱ्याला दुसऱ्या ओळीची वाट बघायला लावायची असते. म्हणून पहिली कसोटी अशी की दुसरी ओळ हाताने झाकायची आणि ती आधीच ओळखता येते का ते बघायचं. इथे 'बांध गेला' म्हटल्यावर मला रडगाणं येईल असं वाटलं होतं. आला सातबारा. आणि आल्यावर वाटलं की दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. दुसरी कसोटी रदीफची. 'होता' काढून 'आहे' घालून बघ. शेर पडतो, कारण जमिनीबरोबर तो कागदावरचा संसारही संपला, हे एकटं 'होता' सांगतं. तिसरी कसोटी, हा शेर बाकीच्या गझलेतून उचलून कुणाला नुसता ऐकवला तर उभा राहतो का? राहतो. मी परवा शेजाऱ्यांना ऐकवला, त्यांना बाकीची गझल ठाऊक नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा शेर चांगला आहे. आता तुझा मतला, म्हणजे पहिलाच शेर, घे.

उंबऱ्याला थांबला अंधार होता
आत माझा जागता आधार होता

इथे मी रागावणार आहे, आणि परीक्षकांच्या नजरेतून हेच निसटलं याचाही मला राग आहे. मतला म्हणजे करार. मतल्याच्या दोन ओळींत जे सारखं राहतं, ते पुढे सगळीकडे सांभाळायचं. तू 'अंधार' आणि 'आधार' घेतलेस, म्हणजे 'धार' सारखं ठेवलंस. पुढच्या शेरांत मात्र 'संसार' आलं, 'फार' आलं. 'धार' कुठे गेली? काटेकोर जाणकार इथेच बोट ठेवेल. तुला सांभाळायचं होतं फक्त 'आर', मग मतल्यातच ते उघड करायला हवं होतं. दुसऱ्या ओळीत 'लाचार' आणलंस की करार बदलतो. मी करून पाहिलं:

उंबऱ्याला थांबला अंधार होता
आतला एकांतही लाचार होता

ओळ तू तुझीच शोध, माझी ठेवू नकोस. पण 'अंधार' आणि 'लाचार' एकत्र आले की सारखा राहतो तो 'र' आणि त्याच्या आधीचा 'आ'. त्या 'आ'ला अलामत म्हणतात. आता 'संसार', 'फार', 'भार' सगळे आत येऊ शकतात. 'धीर' नाही, 'दूर' नाही. आणि रदीफची कसोटी इथेही लाव. 'अंधार आहे' म्हटलं तर काय बिघडतं? फारसं काही नाही. म्हणजे या शेरात 'होता' नुसता जागा भरतो आहे. दोष हा आहे, आणि विस्कळीतपणाच्या शेऱ्याने तो झाकला गेला.

म्हणून सांगतो, 'गझल आहे, शेर सुटे असायचेच' एवढ्यावर सुटका करून घेऊ नकोस. चुकीच्या मापाने तुझा चांगला शेर दोषी ठरला आणि त्याच मापाने तुझा कच्चा मतला सुटला. नुकसान दोन्हीकडून झालं.

सुट्या शेराचं मापही सरसकट लावायचं नसतं. एकच विषय शेवटपर्यंत चालवणारी मुसलसल गझल असते. तू ती लिहायला घेतली असतीस तर एकसंधपणाचा प्रश्न रास्त ठरला असता. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ची. तिच्यातल्या बऱ्याच रचना एकाच भावाने शेवटपर्यंत चालतात. आजच्या शेराच्या हट्टाने त्यांना नापास करणारे लोक मी पाहिले आहेत. कवी काय करायला निघाला होता, हे आधी विचारायला नको का?

हे मला उशिरा कळलं. तिशीत मी गझला लिहीत होतो. ज्यांना फार मानत होतो अशा एका प्राध्यापकांनी सांगितलं, 'तुझ्या कवितेत धागा नाही.' मी धागा घालायला लागलो. चांगले शेर विषयात बसेनात म्हणून काढून टाकले आणि बसणारे सपाट शेर ठेवले. चारएक वर्षं असं केलं. ती वही अजून आहे, उघडवत नाही. लोक म्हणतात, तुम्ही गझल सोडलीत कारण जमली नाही. जमत होती. मी ती दुसऱ्याच्या फूटपट्टीने कापली.

त्याहून जास्त बोचतं ते दुसरंच. एका गावच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका बाईंनी जात्यावरच्या ओव्या पाठवल्या होत्या. 'बाई', 'ग', 'माझ्या' असे शब्द पुन्हा पुन्हा, आणि अर्धी ओळ परत परत. मी लाल शाईने सगळं खोडून शेरा लिहिला, 'अनावश्यक पुनरुक्ती.' जातं एक बाई ओढते, दुसरी साथ देते. 'बाई ग' म्हणता म्हणता श्वास मिळतो, हात फिरतो, साथीणीला ओळ उचलता येते आणि पुढची सुचायला वेळ मिळतो. ती पुनरुक्ती त्या ओवीचा कणा होती. मी छापील कवितेचं माप लावून तो मोडला. त्या बाईंनी पुढे काही पाठवलं नाही. त्यांचं नावही मला आठवत नाही. म्हणून तुझ्यावर इतकं ओरडतो आहे.

परीक्षकांना पत्र लिहू नकोस, वाद घालत बसू नकोस. तुझा वेळ मतल्यावर घाल. पाचवा शेर, तो 'भार होता'वाला, मला पटला नाही. त्याची पहिली ओळ वाचल्यावर दुसरी मला आधीच कळली. तो पुन्हा लिही किंवा काढ. चार शेरांची गझल झाली तर पाचवा नवा शोध, पण शेताशी जुळतो म्हणून नको.

रविवारी ये. वही घेऊन ये, आणि पहिली ओळ दोनदा म्हणून दाखव.

तुझा,
सर